महिन्याला तीनशे ग्रॅम: तिसऱ्या वर्षातलं बल्किंग

वेट ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी दर आठवड्याला बारवर थोडं तरी वजन चढायचं. दुसऱ्या वर्षी हेच दोन-तीन आठवड्यांतून एकदा होऊ लागलं. तिसऱ्या वर्षात तर स्क्वॉटवर अडीच किलो वाढवायला अख्खा महिना, कधी दीड महिना लागायचा. इंटरमीजिएट कुणाला म्हणायचं याची माझ्या मते हीच खरी खूण आहे. किती वर्षं झाली किंवा किती वजन उचलता, यापेक्षा वाढ किती दिवसांनी दिसते ते बघावं. ती आठवड्यांच्या हिशोबातून महिन्यांच्या हिशोबात गेली, की खाण्याचा हिशोबही बदलावा लागतो.

मी सात महिने अगदी छोट्या सरप्लसवर राहून, म्हणजे शरीराला लागतं त्यापेक्षा रोज थोडंसंच जास्त खाऊन, वजन वाढवलं, त्या बल्किंगचा हा अनुभव आहे. तेव्हा माझं वजन ५८ किलो होतं. बाईच्या शरीरात इतकी सावकाश वाढ मोजणं हे वेगळंच कसब आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

आधी किती वाढीची अपेक्षा धरायची ते ठरवलं. ॲलन ॲरागॉन या पोषणतज्ज्ञाचा एक अंदाज लिफ्टर लोकांत बराच वापरला जातो. नवख्याला महिन्याला शरीराच्या वजनाच्या १ ते १.५ टक्के, इंटरमीजिएटला ०.५ ते १ टक्का आणि बरीच वर्षं मुरलेल्याला ०.२५ ते ०.५ टक्के स्नायू मिळू शकतात, असा तो अंदाज. हा कुठल्या प्रयोगाचा निष्कर्ष नाही, अनुभवावरून बांधलेला आडाखा आहे. ५८ किलोला तो लावला तर महिन्याला २९० ते ५८० ग्रॅम येतात. यातला वरचा आकडा माझ्यासाठी नाही हे उघड होतं, कारण सोपी वाढ पहिल्या दोन वर्षांत होऊन गेली होती. म्हणून मी स्नायूंऐवजी एकूण वजनाचं लक्ष्य ठेवलं, महिन्याला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम. त्यातला निम्मा भाग स्नायूंचा निघाला तरी मला चालणार होतं.

माझ्याबरोबर व्यायाम करणारी मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "अगं, तीनशे ग्रॅम? तेवढं तर पाणी प्यायलं तरी वाढतं. रोजच्या पाचशे कॅलरी वाढव, चरबी नंतर कापता येते." ती नुकतीच सुरुवातीचं वर्ष संपवत होती आणि तिला पाचशेचा खरोखर फायदा झाला होता. नवख्या शरीरात स्नायू इतके झपाट्याने बनतात की जादाचं बरंचसं अन्न तिकडेच लागतं. माझा हिशोब वेगळा होता, आणि मी तो तिच्यासमोर कागदावर मांडला.

एक किलो चरबी साठवायला साधारण ७७०० कॅलरी लागतात. एक किलो स्नायूत मात्र तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे त्यात साठलेली ऊर्जा १२०० ते १८०० कॅलरींच्या आसपासच भरते. ते स्नायू घडवण्याचा खर्च वेगळा धरला तरी आकडा चरबीइतका फुगत नाही. म्हणजे महिन्याला पावशेर स्नायू बनणार असतील, तर त्यांना लागणारी जादा ऊर्जा रोजच्या हिशोबात अगदी किरकोळ असते. पाचशेने महिन्याला १५,००० कॅलरी जादा जातात. त्यातला काही भाग पचनात, जास्तीच्या हालचालीत आणि स्नायू घडवण्यात खर्च होतो हे धरूनही किलोभराहून जास्त चरबी चढते. ती उतरवायला जवळजवळ महिना कमी खावं लागतं, आणि त्या महिन्यात स्नायूंची वाढ बहुतेक थांबलेली असते. वर्षातले इतके महिने कापण्यात घालवायची माझी तयारी नव्हती.

यावर प्रयोगही झालेले आहेत. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंवर गार्थे आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आहारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखालचा गट रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त खात होता. त्या गटाची चरबी १५ टक्के वाढली, तर मनाप्रमाणे खाणाऱ्या गटाची ३ टक्के. चरबीविरहित वजनात मात्र दोन्ही गटांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक दिसला नाही. २०२३ मध्ये हेल्म्स आणि सहकाऱ्यांनी आधीपासून व्यायाम करणाऱ्यांना आठ आठवडे मेंटेनन्स म्हणजे वजन स्थिर राहील एवढंच खाणं, ५ टक्के सरप्लस आणि १५ टक्के सरप्लस अशा तीन गटांत ठेवलं. वजन जितकं वेगाने वाढलं तितकी प्रामुख्याने त्वचेखालची चरबीच वाढली. माणसं थोडी होती, त्यामुळे एवढ्यावर सगळं ठरवता येणार नाही, पण दिशा माझ्या हिशोबाशी जुळत होती.

मग मेंटेनन्स शोधणं आलं. सूत्रात वय, उंची, वजन घालून मिळणारा आकडा फक्त सुरुवातीपुरता असतो, दोन सारख्या दिसणाऱ्या बायकांत तो दोनशे-तीनशे कॅलरींनी चुकू शकतो. मी एक पूर्ण मासिक चक्र वजन जवळपास स्थिर राहील असं जेवले आणि रोज मोजून लिहिलं. सरासरी १९५० कॅलरी निघाली. प्रोटीन रोज शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवलं, म्हणजे किलोमागे १.७ ग्रॅम. ताकदीसाठी घेतात ती क्रिएटिनची पावडर मी या सगळ्याच्या बरंच आधीपासून घेत होते आणि त्यात काही बदल केला नाही. कुणी मध्येच क्रिएटिन सुरू केलं तर स्नायूंत पाणी साठून किलोभरापर्यंत वजन वाढू शकतं आणि दोन-तीन महिन्यांचे आकडे निरुपयोगी होतात. घ्यायचं असेल तर मोजणी सुरू होण्याच्या महिनाभर आधी घ्यावं.

सरप्लस ठरवला १५० कॅलरींचा, म्हणजे मेंटेनन्सच्या साधारण ८ टक्के. आता अडचण अशी की १५० कॅलरी ही मोजण्यातल्या चुकीपेक्षा लहान रक्कम आहे. तेलाचा एक चमचा कमी-जास्त, फळ जरा मोठं, बाहेरचं एक जेवण, एवढ्यानेच ती गिळली जाते. "मी २१०० खाते" असं म्हणण्याला तेव्हा काही अर्थ उरत नाही. यावरचा माझा उपाय साधा होता. मेंटेनन्सच्या महिन्यात जे पदार्थ ज्या मापाने खात होते तेच चालू ठेवले, आणि त्यावर रोज एकच ठरलेली गोष्ट वाढवली, फुल क्रीम दुधाचा एक मोजलेला ग्लास. मूळ जेवणाच्या मोजणीत शंभराची चूक असली तरी ती आधीच्या महिन्यातही तेवढीच होती, त्यामुळे ती फरकात येत नाही. नवा येतो तो फक्त दुधाचा ग्लास, आणि त्याचं माप पक्कं असतं. ज्यांचं जेवण रोज बदलतं त्यांना हे जमायला जड जाईल, पण निदान नाश्ता आणि एक जेवण कायमचं ठरवलं तरी बराच फरक पडतो.

खरा कस लागला तो वजनकाट्यावर. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी मी वजन करायचे. मेंटेनन्सच्या महिन्यातल्या एका आठवड्याचे आकडे असे होते: ५८.६, ५७.८, ५८.१, ५८.३, ५७.७, ५८.०, ५७.५. सरासरी बरोबर ५८. एकाच आठवड्यात, काहीही न बदलता, ११०० ग्रॅमची वर-खाली. मीठ जास्त झालं, आदल्या रात्री भात जास्त खाल्ला, पोट नीट साफ नाही झालं, असं काहीही कारण पुरतं. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी येतं, त्यामुळे एक भरपेट जेवणही दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसतं. या गोंधळात महिन्याचे तीनशे ग्रॅम शोधायचे असतात.

बायकांच्या बाबतीत त्यावर आणखी एक थर चढतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींच्या अंगात पाणी धरतं, कुणाला अर्धा किलो, कुणाला दीड-दोन किलो. माझी पाळीआधीच्या आठवड्याची सरासरी त्याच महिन्यात ५९.१ होती. म्हणजे त्या आठवड्याची तुलना पाळीनंतरच्या आठवड्याशी केली तर तीन महिन्यांची वाढ एका पंधरवड्यात आली आणि पुढच्या पंधरवड्यात गेली, असं दिसेल. म्हणून मी एकच नियम पाळला. रक्तस्राव थांबल्यानंतरच्या सात दिवसांची सरासरी काढायची आणि तिची तुलना फक्त पुढच्या चक्रातल्या त्याच सात दिवसांशी करायची. बाकीचे आकडे लिहायचे, पण त्यांच्यावरून काही ठरवायचं नाही. पाळी अनियमित असेल तर चार-चार आठवड्यांच्या सरासऱ्यांची तुलना करावी. पुरुषांना दोन आठवड्यांची सरासरी बहुतेक वेळा पुरते.

एवढं करूनही या सरासरीत दीडशे-दोनशे ग्रॅमची अनिश्चितता राहतेच. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर खाणं बदलायचं नाही, सलग दोन महिने एकच गोष्ट दिसली तरच बदलायचं, असं मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

आता प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. पहिल्या महिन्यानंतर सरासरी ५८.४ आली. चारशे ग्रॅम, बरोबर लक्ष्याइतके. पण पहिल्या महिन्याच्या वाढीत आतड्यातलं जास्तीचं अन्न आणि भरलेला ग्लायकोजेन यांचा वाटा मोठा असतो, म्हणून ती मी खरी वाढ धरली नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा ५८.४. तिसऱ्यात ५८.५. सरप्लस कुठे तरी विरून गेला होता.

हे होतं ते का, याचं एक कारण ठाऊक आहे. जास्त खाल्लं की शरीर नकळत जास्त हालचाल करू लागतं. उठणं-बसणं, उभं राहणं, चुळबुळ, फेऱ्या मारणं, हे सगळं वाढतं. लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खायला दिल्या होत्या. अशा नकळत हालचालीचा खर्च काहींचा मुळीच वाढला नाही, उलट थोडा घटला, तर एकाचा रोज जवळपास ७०० कॅलरींनी वाढला. माणसामाणसांत एवढा फरक असेल तर कुणाचाही सरप्लस कागदावर कायमचा ठरवता येणार नाही. माझे १५० बहुधा असेच खर्च होत होते. फोनवरचा पावलांचा आकडाही आधीपेक्षा वाढलेला दिसत होता.

दोन महिने वजन जागचं हललं नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे ८० कॅलरी वाढवल्या. त्यासाठी रोज एक छोटं केळं. आधीच्या महिन्यांत मैत्रिणीचा सल्ला मानून एकदम तीनशे वाढवायचा मोह झाला नाही असं नाही. पण छोटी पायरी घेतल्याचा फायदा असा की ती पुरली नाही तर फक्त एक महिना वाया जातो, आणि तोही पूर्ण जात नाही, कारण व्यायाम चालूच असतो. मोठी पायरी जास्त झाली तर चरबी चढते आणि ती उतरवायला वेगळा वेळ द्यावा लागतो.

चौथ्या महिन्यात सरासरी ५८.९, पाचव्यात ५९.३, सहाव्यात ५९.६ आणि सातव्यात ६०.० आली. पकड बसली होती.

वजन वाढतंय म्हणजे स्नायू वाढताहेत असं नाही, म्हणून मी आणखी दोन गोष्टी बघत होते. एक म्हणजे कमरेचं माप, बेंबीच्या रेषेत, श्वास सहज सोडून. ते सुरुवातीला ७१ सेंमी होतं. टेपच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरची चूक धरावीच लागते, म्हणून महिन्यातून एकदाच आणि त्याही वेळी पाळीनंतरच्याच आठवड्यात मोजायचं. वजनात किलोभर वाढ होईपर्यंत कंबर एक सेंमीपेक्षा फार पुढे गेली तर खाणं कमी करायचं, अशी मर्यादा मी स्वतःसाठी घालून घेतली होती. हा माझा आडाखा आहे, तो सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. चरबी कुठे साठते हे प्रत्येकीचं वेगळं असतं. जिची आधी मांड्यांवर चढते तिने कमरेबरोबर तेही माप घ्यायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे ठरावीक रेप्समधली ताकद. एक रेपचा कमाल आकडा सरावानेही वाढतो, पण सहा ते दहा रेप्सच्या सेटमध्ये महिनोन्‌महिने वाढ टिकली तर स्नायू वाढत असल्याची शक्यता चांगली असते. माझा सगळ्यात आवडता मापक पुल-अप होता. त्यात आपलंच वजन उचलायचं असल्याने चरबी चढली तर रेप्स कमी व्हायला हव्यात. सुरुवातीला पाच व्हायच्या. सातव्या महिन्यात दोन किलो जास्त वजन घेऊन सात झाल्या.

पाचव्या महिन्यात एक इशारा मात्र मिळाला. वजन चारशे ग्रॅमने वाढलं, पण स्क्वॉट ६७.५ किलोच्या आठ रेप्सवर तसाच अडकून राहिला. पुल-अप आणि ओव्हरहेड प्रेस पुढे सरकत होते, म्हणजे खाणं आणि झोप यांत खोट नसावी. खोट असती तर सगळंच थांबलं असतं. त्यामुळे मी कॅलरींना हात लावला नाही. पायांचे सगळे सेट एकाच दिवशी होते आणि शेवटच्या सेटपर्यंत दम संपलेला असायचा, म्हणून तेवढेच सेट आठवड्यातल्या दोन दिवसांत वाटले. पुढच्या महिन्यात ७० किलोच्या आठ रेप्स झाल्या, सातव्यात ७२.५ च्या. अशा वेळी अनेक जण सरप्लस वाढवतात. एकच व्यायाम अडकला असेल आणि बाकीचे चालू असतील, तर आधी त्या व्यायामाचा कार्यक्रम तपासावा असं माझं ठाम मत आहे.

चरबीचे टक्के दाखवणारा काटा माझ्याकडे आहे, पण तो आकडा मी या काळात लिहूनसुद्धा ठेवला नाही. असे काटे अंगातून सौम्य वीज सोडून पाण्याच्या प्रमाणावरून चरबीचा अंदाज बांधतात. पाळीनुसार पाणी बदलत असताना आणि महिन्याचा बदल पावशेराचा असताना तो अंदाज कुठेही जाऊ शकतो.

सातव्या महिन्याच्या शेवटी कंबर ७२.५ सेंमी होती. वाढलेल्या दोन किलोंना दीड सेंमी, म्हणजे मर्यादेच्या आत. तरीही मी तिथे थांबले, कारण खरी वाढ किती हे सरप्लस चालू असताना कळत नाही. दूध आणि केळं दोन्ही बंद केलं आणि एक पूर्ण चक्र नव्या मेंटेनन्सवर काढलं. सरासरी ६०.० वरून ५९.६ वर आली. ते चारशे ग्रॅम पाणी, ग्लायकोजेन आणि आतड्यातलं अन्न असणार, कारण कंबर आणि रेप्स जागच्या जागी राहिल्या.

म्हणजे सात महिन्यांत टिकलेली वाढ १.६ किलो. महिन्याला सरासरी २३० ग्रॅम, शरीराच्या वजनाच्या ०.४ टक्के. मांडीचा घेर एक सेंमीने वाढला. कमरेची वाढ लक्षात घेता यातला अर्ध्याहून थोडा जास्त भाग स्नायूंचा असावा, म्हणजे फार तर एक किलो. ॲरागॉनच्या इंटरमीजिएट पट्ट्याच्या खालच्या टोकापेक्षाही हे कमी भरतं, आणि तिसऱ्या वर्षातल्या बाईसाठी मला ते रास्त वाटतं. बेंच प्रेसच्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या कुणी महिन्याला दोन किलो स्नायू मिळवल्याचं सांगितलं, तर मी आधी विचारते की क्रिएटिन कधी सुरू केलं आणि वजन पाळीच्या कुठल्या आठवड्यात केलं.

पुढचा टप्पा मी ५९.६ पासून सुरू करणार आहे. मेंटेनन्स आता २००० च्या जवळ गेलं आहे, आणि माझं शरीर पहिले दीडशे हालचालीत उडवतं हे कळलेलं असल्याने या वेळी सुरुवातच २०० ने करणार आहे. लक्ष्य मात्र खाली आणलंय: महिन्याला २५० ग्रॅम, आणि दोन महिन्यांत ५०० च्या फार वर गेलं तर पहिल्यांदा केळं काढायचं.